पॉडकास्टच्या उभ्या क्लिप : क्लिपमागे किती घ्यावेत आणि ‘२४ तासांत द्या’ला काय म्हणावं?

दिग्रसवाला

नमस्कार मंडळी. मी दिग्रसपासून थोडं आत एका गावात राहतो. लॅपटॉप बरा आहे, दाविंची रिझॉल्व्हवर हात बसलेला आहे. आतापर्यंत ओळखीतल्या एका क्लासवाल्यांचे लेक्चर कापून देत होतो. आता पुण्याच्या एका शेतीविषयक मराठी पॉडकास्टचा मेसेज आला आहे. दर आठवड्याला एक भाग, दीड-पावणेदोन तासांचा. त्यातून दहा उभ्या क्लिप हव्यात, खाली मराठी कॅप्शनसह. विचारलंय, ‘पर क्लिप किती घेणार, आणि २४ तासांत मिळतील ना?’

मित्र म्हणतो शंभर रुपये सांग, काम सोडू नको. मला शंभर कमी वाटतात, पण का कमी आहेत ते नीट मांडता येत नाही. दुसरी अडचण नेटची. गावात फायबर नाही, मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा प्लॅन आहे. लाइटचंही सांगता येत नाही. २४ तासांना हो म्हणावं का? आणि असे आणखी एक-दोन क्लायंट कुठून मिळवायचे?

लग्नशूटर_दारव्हा

भाऊ, मी लग्नाची रील पाचशेला देतो. तीस सेकंदांची, वर ट्रेंडिंग गाणं. संध्याकाळी वरात, सकाळी रील नवरदेवाच्या मोबाइलवर. तू शंभरावर कायले जातं? सरळ पाचशे सांग. आणि गाणं चांगलं टाक, लोक गाण्यावर थांबतात. दीड तासाचं बोलणं कोण पाहून राहिलं बावा?

व्ह्यूजचा_राजा

क्लिपमागे पैसे घेणं जुनं झालं. आता कॅम्पेन चालतात. मोठे क्रिएटर जाहीर करतात की आमच्या पॉडकास्टच्या क्लिप तुमच्या अकाउंटवर टाका, दर हजार व्ह्यूजला इतके डॉलर घ्या. क्लायंट शोधा, भाव करा, करेक्शन करा ही भानगडच नाही. एक क्लिप व्हायरल झाली की महिन्याचं काम झालं. तू पुण्याच्या मागे कशाला लागतोस?

वैनगंगाकाठ

दिग्रसवाला, मी पवनीकडची. हेच काम करते, घरूनच. तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते, पण आधी वरच्या दोघांबद्दल.

शूटरभाऊंचा पाचशेचा आकडा खोटा नाही, पण ते काम वेगळं. तिथे कच्चा माल त्यांनीच शूट केलेला असतो, कुठला शॉट चांगला ते डोक्यात असतं आणि कॅप्शन नसतंच. इथे दुसऱ्याचं पावणेदोन तासांचं बोलणं पूर्ण ऐकल्याशिवाय पहिली कात्रीसुद्धा चालवता येत नाही. गाणं तर टाकूच नका. शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, पण एक मिनिटाच्या वरच्या शॉर्टवर कन्टेन्ट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा लागला तर ते सगळीकडे ब्लॉक होतं. लग्नाच्या रीलवर दावा लागला तर नवरदेवाचं काही जात नाही. इथे क्लायंटचा चॅनल आहे.

कॅम्पेनचं काम खरं आहे, पैसे मिळालेले लोक मला माहीत आहेत. पण त्यातल्या बऱ्याच कॅम्पेनमध्ये मोठा वाटा टिकटॉकच्या व्ह्यूजचा असतो, आणि आपल्याकडे टिकटॉक जून २०२० पासून बंद आहे. उरलं यूट्यूब आणि इन्स्टा. तिथे नव्या अकाउंटला व्ह्यूज जमायला वेळ लागतो, पैसे निघायला किमान व्ह्यूजची अट असते आणि कॅम्पेनचा ठरलेला पैसा संपला की तुमची क्लिप नंतर व्हायरल झाली तरी हातात काही नाही. हातात एक नियमित क्लायंट असताना ते जोडीला करा, त्याच्या जागी नको.

आता तुमचं. भाव सांगायच्या आधी क्लायंटला एक गोष्ट विचारा : दोन्ही माणसांचे कॅमेरे वेगवेगळे आहेत की एकाच रुंद शॉटमध्ये दोघं बसलेत, आणि फाइल फोर-के आहे की १०८०? भावाचा अर्धा निकाल यावर लागतो.

कारण असं. १०८० ची आडवी फ्रेम म्हणजे १९२० बाय १०८०. त्यातून उभी पट्टी कापली की रुंदी उरते फक्त ६०७ पिक्सेल. ती १०८० रुंदीला ताणायची म्हणजे पावणेदोन पटीहून जास्त. चेहरा मऊ पडतो, डोळे पुसट दिसतात, आणि क्लायंट म्हणतो तुमची एक्स्पोर्ट सेटिंग चुकली. सेटिंग कितीही बदला, नसलेला पिक्सेल येत नाही. फोर-के असेल तर तीच पट्टी १२१५ रुंद मिळते आणि ताणावं लागतच नाही.

१०८० चा रुंद शॉटच असेल तर मी दोघांना वर-खाली ठेवते. स्क्रीनचे दोन भाग : वर पाहुणा, खाली विचारणारा. प्रत्येकासाठी अर्धी फ्रेम, म्हणजे ९६० रुंदी वापरता येते, ताण अगदी किरकोळ. चित्र स्वच्छ राहतं, शिवाय कोण बोलतंय म्हणून पट्टी इकडून तिकडे पळवायची कटकट वाचते. पण सारखं तेच केलं तर कंटाळवाणं होतं, म्हणून भावनेचं वाक्य आलं की एकालाच मोठं करते, थोडं मऊ दिसलं तरी चालतं.

दिग्रसवाला

ताई, विचारलं. कॅमेरे तीन आहेत, पण त्यांचा एडिटर सगळं जोडून एकच फाइल देणार. मूळ शूट फोर-के आहे. सध्या ते यूट्यूबला जाते तीच १०८० ची फाइल पाठवतो म्हणतात.

वैनगंगाकाठ

मग मूळ शूट फोर-के असल्याचा फायदा घ्यायचा, पण सगळी फाइल न उतरवता. ते नंतर सांगते, आधी पैसे.

शंभर रुपये कमी का, ते असं मांडा. पावणेदोन तासांच्या आतला, धरा शंभर मिनिटांचा भाग. थोडा वेग वाढवून ऐकला तरी थांबत, मागे जात, वेळ टिपत दोन तास जातात. मग एका क्लिपला कापणं आणि फ्रेम बसवणं साधारण वीस मिनिटं. कॅप्शन आपोआप येतं, पण मराठीत ते तपासावंच लागतं, आणि शेतीच्या बोलण्यात तर ‘कामगंध सापळे’चं काहीही होऊन येतं. त्याला पंचवीस मिनिटं. शेवटचं पाहणं आणि एक्स्पोर्ट दहा मिनिटं. म्हणजे क्लिपमागे पंचावन्न मिनिटं, दहा क्लिपना नऊ तासांच्या वर. करेक्शनला तासभर धरा. एकूण झाले बारा तास. शंभराने हजार रुपये, म्हणजे तासाला त्र्याऐंशी. त्यातून डेटा पॅक आणि इन्व्हर्टर वजा करा.

तुम्हाला तासाला दोनशे सुटावेत असं वाटत असेल तर भागामागे चोवीसशे-पंचवीसशे व्हायला हवेत. आता ते अडीचशे रुपये क्लिपमागे सांगता येतात. मी तसं सांगत नाही. मी दोन भाग करते : पाहून निवडण्याचे भागामागे पाचशे, आणि क्लिपचे दोनशे. दहा क्लिपला बेरीज तीच अडीच हजार. पण उद्या क्लायंट तीन तासांचा भाग पाठवून म्हणाला, यावेळी चारच क्लिप करा, तर ‘क्लिपमागे अडीचशे’वाल्याच्या हातात हजार रुपये येतात आणि ऐकण्यातच त्याचे साडेतीन तास गेलेले असतात. म्हणून पाचशे हे दोन तासांच्या आतल्या भागाचे, वर जाईल तसे वाढतात, असंही लिहायचं.

लांबीही बांधून घ्या. मी साठ सेकंदांपर्यंत एक भाव ठेवते, त्याच्या वर दीडपट. कॅप्शनचं काम सेकंदांवर वाढतं आणि क्लायंटला नेहमी वाटतं की ‘अजून ते एक वाक्य राहू द्या’.

कापूसपट्टा

वैनगंगाताईंचा हिशोब बरोबर आहे, पण व्यवहारात ‘पाहण्याचे पाचशे’ ऐकून क्लायंट बिचकतो. त्याला वाटतं व्हिडिओ पाहायचे कसले पैसे? मी आर्वीहून अशी कामं घेतो. मी पाच, दहा, वीस क्लिपचे पॅकेज सांगतो आणि लहान पॅकेजचा क्लिपमागचा भाव चढा ठेवतो. गोष्ट तीच, पण भांडण होत नाही. आणि महिन्याचं बांधून घेतलेलं बरं. दर भागाला नव्याने भाव करणं नको.

वैनगंगाकाठ

पॅकेजही चालेल, माझा हट्ट नाही. फक्त महिन्याचं बांधताना एक लक्षात ठेवा. पॉडकास्टवाले एखाद्या महिन्यात दोनच भाग करतात आणि पुढच्या महिन्यात म्हणतात, मागचे वीस क्लिप उरलेत ना? उरलेले पुढे जाणार की नाही ते आधीच ठरलेलं असावं. माझ्याकडे जात नाहीत. त्यावरून एक काम माझ्या हातचं गेलंही आहे.

दिग्रसवाला

आता २४ तासांचं सांगा. खरं म्हणजे मला त्याचीच धास्ती आहे. आमच्याकडे गावठाणाची लाइन गेली की टॉवरचंही रडगाणं सुरू होतं.

वैनगंगाकाठ

२४ तास त्याला का हवेत ते पहा. भाग ज्या दिवशी येतो त्या दिवशी दोन-तीन क्लिप गेल्या की लोक पूर्ण भागाकडे वळतात. दहाच्या दहा क्लिप त्याच दिवशी कुणी टाकत नाही, त्या तो आठवडाभर टाकणार आहे. म्हणून मी म्हणते : पहिल्या तीन २४ तासांत, बाकीच्या चार दिवसांत. आजवर याला कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही.

दुसरं, घड्याळ कधी सुरू होतं ते लिहा. क्लायंट रात्री अकराला ड्राइव्हची लिंक टाकतो आणि त्याच्या मते वेळ सुरू झाली. तुमच्याकडे फाइल उतरायलाच तीन दिवस. शंभर मिनिटांची १०८० ची फाइल सेकंदाला आठ मेगाबिटने सहा जीबी होते, म्हणजे तुमच्या दोन जीबीच्या हिशोबाने तीन दिवस, आणि घरातल्या कुणी काही पाहिलं तर चार. फोर-के चाळीस मेगाबिटने असेल तर तीस जीबी. विषयच संपला.

म्हणून मी दोन टप्पे करते. क्लायंटकडून आधी हलकी ४८० ची फाइल मागायची. ती पाऊण जीबीच्या आसपास येते. ती ऐकून यादी करायची : सुरुवात-शेवटाची वेळ, पहिलं वाक्य, क्लिप कशाबद्दल. दहा हव्या असतील तर बारा-तेरा जागा द्या, त्याला निवडू द्या. यादी पक्की झाली की त्याच्या एडिटरने फक्त तेवढे तुकडे फोर-केमधून कापून पाठवायचे. दहा तुकडे, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे पंधरा मिनिटांचं फुटेज. तीस जीबीच्या जागी साडेचार. तेही पहिले तीन तुकडे आधी मागवले की तासाभरात काम सुरू होतं.

एडिटरला पुन्हा एक्स्पोर्ट करायला लावलं तर तो चिडतो. त्याला ffmpeg या मोफत प्रोग्रॅमची ही ओळ द्या, मिनिटभराचं काम आहे :

```
ffmpeg -ss 00:41:10 -to 00:42:40 -i episode.mp4 -c copy clip07.mp4
```

यात व्हिडिओ नव्याने बनत नाही, जसा आहे तसा तुकडा निघतो, म्हणून दर्जा तोच राहतो. मात्र कापणी नेमक्या सेकंदाला बसत नाही, जवळच्या की-फ्रेमला, म्हणजे फाइलमध्ये पूर्ण साठवलेल्या चित्राला, सरकते. त्यामुळे यादीतल्या वेळेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा सेकंद जास्त घ्यायला सांगा. नाहीतर पाहुण्याचा पहिला शब्दच गायब.

मग घड्याळ असं : यादी त्याने पक्की केली आणि पहिले तीन तुकडे माझ्याकडे उतरले, तिथून २४ तास. यादीवर तो दोन दिवस बोललाच नाही तर ते दोन दिवस माझे नाहीत. हे एका ओळीत लिहिलेलं असलं की नंतर ‘तुम्ही उशीर केला’ निघत नाही.

संत्राबर्फी

मी क्लिप कापणारी नाही, वरुडकडची शेतकरी आहे आणि अशा क्लिप रोज बघते. एक गाऱ्हाणं सांगू? गेल्या हंगामात एका चॅनलची क्लिप आमच्या व्हॉट्सअॅप गटात फिरली. तज्ज्ञ ठणकावून सांगताहेत, ‘आता वाट पाहू नका, फवारणी करा.’ गटातले निम्मे लोक पंप काढून तयार. मी पूर्ण भाग ऐकला तर त्यांनी आधी म्हटलं होतं, ‘कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ-आठ पतंग सापडले, तर.’ गुलाबी बोंडअळीसाठी ती अट होती. क्लिपमध्ये ‘तर’च्या पुढचं तेवढं राहिलं. सापळा न लावता फवारलं तर पैसा वाया, आणि मित्रकीटक मरतात ते वेगळंच. कापणाऱ्याला हे कळायला हवं की नको?

वैनगंगाकाठ

संत्राबर्फीताई, अगदी बरोबर. आणि यात कापणाऱ्याची ओढ उलट दिशेची असते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस थांबवायचा असतो, म्हणून आपण सगळ्यात जोरकस वाक्य पुढे घेतो. ‘फवारणी करा’ जोरकस आहे, ‘सलग तीन रात्री’ नाही.

अशा ठिकाणी मी जोरकस वाक्य पुढे घेते, पण क्लिप तिथून मागे नेऊन अट पूर्ण ऐकवते आणि मग पुन्हा ‘फवारणी करा’वर येते. चाळीस सेकंदांची क्लिप पंचावन्नची होते, होऊ दे. अटीचे आकडे कॅप्शनमध्ये मोठे ठेवते : ‘३ रात्री, रोज ८ पतंग’. आवाज बंद ठेवून बघणाऱ्यालाही ते दिसतात. कोणती अट कुठल्या सल्ल्याला जोडलेली आहे, ते यादीच्या रकान्यात लिहून पाहुण्याकडून एकदा होकार घ्यायला क्लायंटला सांगा. औषध, फवारणी, कर्ज, आरोग्य, हे विषय आले की हा रकाना मी भरतेच.

लग्नशूटर_दारव्हा

हे भारी आहे बावा. आमच्याकडे वरात दहा सेकंद कमी झाली तर कोणी पंप काढत नाही.

कापूसपट्टा

कॅप्शनवरून आठवलं. माझ्याकडे प्रीमियरमध्ये जोडाक्षरं तुटतात. ‘प्रक्रिया’ लिहिलं की पाय मोडलेला क वेगळा, र वेगळा. फॉन्ट बदलून पाहिले, तरी तेच. दिग्रसवाल्याच्या प्रश्नाशी संबंध नाही, पण कुणाला माहीत असेल तर.

वैनगंगाकाठ

ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्स्टचा पर्याय South Asian and Middle Eastern करा, प्रोग्रॅम बंद करून उघडा. आधीच टाकलेली टेक्स्ट पुन्हा टाकावी लागेल. फॉन्ट युनिकोडचाच हवा, मुक्ता किंवा बालू घ्या. डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट इथे चालत नाहीत.

कॅप्शन अगदी तळाला ठेवू नका, एवढं मात्र सगळ्यांना सांगते. तिथे चॅनलचं नाव आणि वर्णन येतं, उजवीकडे लाइकची बटणं येतात. खालचा पाचवा भाग तरी मोकळा सोडा. लॅपटॉपवर छान दिसतं आणि मोबाइलवर निम्मी ओळ झाकली जाते. म्हणून पहिली क्लिप स्वतःच्या फोनवर खाजगी टाकून पाहायची.

दिग्रसवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा मेसेज लिहिला. पाठवायच्या आधी नजर टाका :

‘नमस्कार सर. दोन तासांपर्यंतच्या एका भागाचे, दहा क्लिपसह, २५०० रुपये : निवडीचे ५०० आणि क्लिपमागे २००. क्लिप साठ सेकंदांपर्यंत, त्यापुढे साठ ते नव्वद सेकंदांना ३००. आधी तुमची हलकी फाइल ऐकून मी वेळांची यादी देईन. यादी पक्की होऊन पहिले तीन तुकडे माझ्याकडे उतरले की २४ तासांत तीन क्लिप, बाकीच्या चार दिवसांत. एक फेरी करेक्शन त्यातच. कॅप्शनची चूक असेल तर केव्हाही मोफत दुरुस्त. यादी पक्की झाल्यावर दुसरी जागा हवी असेल तर ती नवी क्लिप. पहिल्या भागाचे निम्मे आगाऊ.’

वैनगंगाकाठ

चांगला आहे. दोनच गोष्टी. करेक्शन किती दिवसांत सांगायचं ते घाला, नाहीतर तीन आठवड्यांनी ‘ती चौथी क्लिप जरा’ येतं. मी दोन दिवस देते. आणि करेक्शन एकाच माणसाने, एकाच मेसेजमध्ये, क्लिपच्या सेकंदासह द्यायचं. होस्ट एक सांगतो, एडिटर दुसरं, आणि दोघांचं ऐकता ऐकता आपली फेरी कधी संपली ते कळत नाही.

पाहायला हलकी कॉपी व्हॉट्सअॅपवर पाठवा, मधोमध पुसट अक्षरात ‘तपासणीसाठी’ लिहून. पक्की फाइल ड्राइव्हवर, पैसे आल्यावर. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली साधी व्हिडिओ दाबली जाते, तीच तो चॅनलला टाकतो आणि मग दर्जा खराब म्हणतो. असं झालेलं पाहिलंय.

दिग्रसवाला

पाठवला. उत्तर आलं. घड्याळाचं आणि यादीचं लगेच मान्य, उलट त्यांचा एडिटर खुश आहे की पूर्ण फाइल चढवावी लागणार नाही. कापूसपट्टा भाऊ म्हणाले तसंच झालं, ‘निवडीचे ५०० कशाला?’ म्हणून अडले. म्हणतात क्लिपमागे अडीचशे करा, बेरीज तीच आहे ना. काय करू?

कापूसपट्टा

करून टाक. बेरीज तीच आहे आणि त्याला हिशोब सोपा.

वैनगंगाकाठ

करा, पण ‘भागामागे किमान आठ क्लिप’ एवढं लिहून घ्या. नाव काहीही द्या, आठच्या खाली गेलं तरी आठचे पैसे.

व्ह्यूजचा_राजा

किमान वगैरे लिहिलंत तर नवा क्लायंट पळतो हो. पहिला महिना तो म्हणेल तसं करा, नंतर वाढवा.

वैनगंगाकाठ

पहिल्या महिन्यात दिलेला भाव नंतर वाढत नाही, असा माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकतो.

संत्राबर्फी

दिग्रसवाल्याने शेवटचं विचारलं होतं ते राहिलं. आणखी क्लायंट कुठे?

वैनगंगाकाठ

हो, ते राहिलंच. ज्या चॅनलवर लांब भाग नियमित येतात पण शॉर्ट्सचा रकाना रिकामा आहे, किंवा तिथे नुसते ट्रेलर टाकलेत, ते शोधा. फार मोठे नको, त्यांच्याकडे माणसं असतात. आपल्याकडेच बघा : सप्ताहातली कीर्तनं दोन-दोन तास चढवणारे चॅनल, अमरावती-नागपूरचे स्पर्धा परीक्षेचे क्लास, संत्रा आणि कपाशीवर बोलणारे. चॅनलच्या माहितीत ईमेल असतो. त्यावर ‘मी एडिटिंग करतो’ असं लिहू नका, ते रोज दहाजण लिहितात. त्यांच्याच एका भागातली एक क्लिप पूर्ण करून, अनलिस्टेड लिंक पाठवा आणि त्याच भागातल्या आणखी दोन जागांच्या वेळा लिहा : ‘इथे आणि इथे अजून दोन निघतील.’ यातून कळतं की तुम्ही भाग खरंच ऐकलाय. ती क्लिप त्यांच्या परवानगीशिवाय स्वतःच्या अकाउंटवर सगळ्यांना दिसेल अशी टाकू नका, तिथे काम संपतं.

एकाच चॅनलला एकापेक्षा जास्त क्लिप फुकट करू नये. आणि शक्य झालं तर होस्टऐवजी एडिटरला लिहा. क्लिपचं ओझं त्याच्याच डोक्यावर असतं आणि दुसऱ्या पॉडकास्टला तुमचं नाव तोच सुचवतो. मला बहुतेक काम असंच आलं.

कापूसपट्टा

फुकट एक क्लिपसुद्धा मी देत नाही. आधी केलेल्या कामाचा दुवा देतो. पण नवीन माणसाकडे जुनं काम नसतं, ते खरं.

लग्नशूटर_दारव्हा

ताई, आमच्या गावच्या कीर्तनाचा चॅनल माझा भाचा चालवतो. त्याले विचारतो. पण कीर्तनात मधात अभंगाची चाल एखाद्या सिनेमाच्या गाण्यावरची असते, त्यावर दावा लागते का?

वैनगंगाकाठ

चालीवर लागू शकतो, लागेलच असं नाही. मूळ ध्वनिमुद्रण वाजत असेल तर शक्यता जास्त, महाराज स्वतः गात असतील तर कमी. सुरक्षित मार्ग म्हणजे निरूपणाचा भाग घ्या, गाण्याचा टाळा आणि क्लिप मिनिटाच्या आत ठेवा. आधी भाच्याच्या चॅनलवर खाजगी चढवून पाहा, दावा असेल तर प्रसिद्ध करण्याआधी दिसतो.

दिग्रसवाला

अपडेट : किमान आठ मान्य झालं, भाव क्लिपमागे अडीचशे. हलकी फाइल पाऊण जीबीची आली, एका दिवसाच्या पॅकमध्ये उतरली. तेरा जागांची यादी दिली. त्यांनी अकरा निवडल्या आणि अकरावी ‘बोनस’ म्हणताहेत. तिचे अडीचशे मागितलेत, अजून उत्तर नाही. पहिले तीन तुकडे आलेत, त्यातला एक माझ्या यादीतल्या सुरुवातीच्या चार सेकंद पुढून सुरू होतो. एडिटरने दहा सेकंद सोडलेच नव्हते. पुन्हा मागवलाय.

वैनगंगाकाठ

पुन्हा मागवलेला तुकडा येईपर्यंत त्या क्लिपचं घड्याळ थांबलेलं आहे, हे त्यांना आत्ताच कळवा. बाकी दोन वेळेत द्या.